दोघांचे डोळे काळे, लेक घारी - असं होऊ शकतं का?

ओवाळणी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे आणि नवऱ्याचे, दोघांचेही डोळे काळेभोर. लेक अडीच वर्षांची झाली आणि ती चक्क घारी आहे. जन्मली तेव्हा डोळे राखाडी होते. सगळे म्हणाले, बदलतील. बदलले, पण काळे झाले नाहीत. उन्हात बघितलं तर बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं कडं आणि त्याच्या बाहेर हिरवट राखाडी.

माझ्या आईचे वडील घारे होते. नवऱ्याकडे मात्र कुणीच नाही, असं सासूबाई ठामपणे सांगतात. परवा बारशाला गेलो होतो. तिथे एका लांबच्या काकूंनी लेकीची हनुवटी धरून "ही कुणावर गेली गं?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर डोक्यातून जात नाहीये. नवरा हसण्यावारी नेतो. मला शास्त्र काय म्हणतं ते नीट समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या वेळी उत्तर देता येईल.

खडूफळा

ताई, अगदी निश्चिंत राहा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे आमच्या फळ्यावरचं गणित आहे. काळा रंग प्रभावी, घारा अप्रभावी. तुम्हा दोघांकडे काळ्याचं एक आणि घाऱ्याचं एक अशी जनुकं असणार. दोघांकडून घारंच आलं की मूल घारं. चारात एक शक्यता.

उलटं मात्र होत नाही. दोघंही घारे असतील तर मूल काळ्या डोळ्यांचं होऊच शकत नाही, कारण काळं जनुक येणार कुठून?

केळफूल

अहो गुरुजी, माझ्या घरात या. मी घारी, नवरा घारा, आणि थोरल्याचे डोळे चांगले तपकिरी. आता आठवीत आहे. आणि बाकी नाक, कपाळ, चालणं, रागावणं सगळं बापाची झेरॉक्स. मग?

वरणभातलिंबू

केळफूल, गुरुजींनी नकळत तुमच्या घरात बाँब टाकला की :)

ओवाळणी, सरळ डीएनए टेस्ट करा आणि रिपोर्ट फ्रेम करून हॉलमध्ये लावा. काकूंची बोलती बंद.

पेशीकेंद्र

वरणभातलिंबू, कृपया असले सल्ले देऊ नका. डोळ्यांच्या रंगावरून बापाविषयी शंका घेता येते हेच मुळात चूक आहे. टेस्ट करणं म्हणजे ती शंका रास्त होती असं मान्य करणं.

मी जनुकीय तपासण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खडूफळा यांचा पहिला भाग ओवाळणींच्या घरापुरता चालेल. दुसरा भाग चुकीचा आहे, आणि त्याने जगभर बऱ्याच घरांत भांडणं लावली आहेत. "दोन फिक्या डोळ्यांच्या आईबापांना गडद डोळ्यांचं मूल होत नाही" हा नियम १९०७ सालचा आहे. अमेरिकेत चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट या नवराबायकोने तो मांडला. त्यांनी माणसांची निळे आणि तपकिरी अशी ढोबळ विभागणी केली आणि मेंडेलच्या वाटाण्यांचा हिशोब डोळ्यांना लावला. पाठ्यपुस्तकांना तो इतका सोयीचा होता की अजून निघत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. डोळ्यात निळं किंवा हिरवं असं रंगद्रव्य नसतंच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन किती आहे एवढाच प्रश्न असतो. भरपूर असेल तर डोळा काळा दिसतो, मध्यम असेल तर तपकिरी. अगदी कमी असेल तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि निळसर दिसतो. निळसर झाक आणि थोडंसं पिवळट मेलॅनिन एकत्र आलं की आपल्याला हिरवट घारा दिसतो. तुमच्या लेकीच्या बाहुलीभोवतीच्या मधाळ कड्यात मेलॅनिन जास्त आहे, बाहेर कमी. म्हणजे एकाच बुबुळात दोन प्रमाणं.

हे प्रमाण ठरवणारं महत्त्वाचं जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे, ओसीए२. गंमत म्हणजे रंग फिका होतो तो बहुतेकदा या जनुकात बिघाड झाल्यामुळे नाही. त्याचं बटण शेजारच्या एचईआरसी२ नावाच्या जनुकाच्या पोटात आहे आणि तिथे डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. ए असेल तर ओसीए२ जोरात चालतं, जी असेल तर मंद. हे २००८ साली कोपनहेगनच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. प्रत्येकाकडे या अक्षराच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची.

आता ओवाळणींचं घर. आजोबा घारे, म्हणजे त्यांच्याकडे बहुधा जी-जी. त्यांच्याकडून आईला एक जी आलाच. आईकडून ओवाळणींना येण्याची शक्यता निम्मी. लेक घारी झाल्यामुळे आता मागे जाऊन म्हणता येतं की तो बहुधा आलेला आहे, आणि नवऱ्याकडेही एक असावा. म्हणजे तुम्हा दोघांकडे बहुधा ए-जी आहे. एकच ए असला तरी डोळा साधारणपणे गडदच होतो, म्हणून तुम्ही दोघं काळेभोर. लेकीला दोघांकडून जी मिळाला.

ओवाळणी

पेशीकेंद्र, खूप आभार. पण सासूबाईंचं "आमच्यात कुणी नाही" याचं काय? नवऱ्याकडे आला कुठून मग?

पेशीकेंद्र

"कुणी घारं नाही" आणि "कुणाकडे जी नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा नवऱ्याच्या एखाद्या पणजोबांकडे एकच जी होता. ते स्वतः काळ्या डोळ्यांचे. त्यांच्याकडून आजोबांना येण्याची शक्यता निम्मी, तिथून वडिलांना पाव, आणि तुमच्या नवऱ्यापर्यंत पोचण्याची एक अष्टमांश. पणज्या-पणजोबा मिळून आठ असतात, त्यातल्या कुणाहीकडून तो आलेला असू शकतो. या चार पिढ्यांत त्याची गाठ दुसऱ्या जीशी पडलीच नाही, तर तो कुणाच्या डोळ्यात दिसणारच नाही.

आणि खरं सांगा, पणजीच्या डोळ्यांचा रंग कुणाला ठाऊक असतो? असलाच तर एक कृष्णधवल फोटो असतो, त्यातही पदर कपाळापर्यंत.

तिरफळ

आमच्या रत्नागिरीकडे घारे डोळे म्हणजे कोकणस्थांचा शिक्काच मानतात. ओवाळणी, नवऱ्याकडची मंडळी मूळची कुठली? कोकणातून वर गेलेली असतील तर कोडं सुटलं.

ओवाळणी

नाही हो, दोन्ही घरं सातारा जिल्ह्यातली, मराठा. माझे आजोबाही वाईजवळचे.

पेशीकेंद्र

तिरफळ, चित्पावनांत घारेपण जास्त दिसतं हे खरं, पण मक्ता त्यांचा नाही. महाराष्ट्रात जवळपास सगळ्याच समाजांत अधूनमधून घारी माणसं भेटतात. समाजात एखादं अक्षर विरळ असलं की ते दिसतं कमी आणि लपून जास्त असतं. शंभरातल्या दहा प्रती जी असतील तर घारा साधारण शंभरात एकच निघेल, पण लपवून बाळगणारे अठरा असतील. (हा आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलाय, मोजलेला नाही.)

केळफूल, तुमच्या थोरल्याबद्दल. आपण "घारे" या एका शब्दात फिका तपकिरी, हिरवट, राखाडी, निळसर असं सगळं कोंबतो. तुमच्यापैकी एकाचा डोळा मधाळ असेल तर तिथे ए-जी असू शकतं. ए-जीवाले सगळेच काळेभोर नसतात. तो ए मुलाकडे गेला की झाला डोळा तपकिरी. शिवाय या बटणावरच सगळं नाही. २०२१ मध्ये जवळपास दोन लाख लोकांचा अभ्यास झाला, त्यात डीएनएवर डोळ्यांच्या रंगाशी संबंधित ६१ जागा सापडल्या. आईच्या बाजूने एका ठिकाणी मेलॅनिन कमी, बापाच्या बाजूने भलत्याच ठिकाणी कमी, आणि मुलाला दोघांकडच्या धडधाकट प्रती मिळाल्या, असंही होतं.

केळफूल

नवऱ्याचे मधाळच आहेत! मी त्याला लग्नाच्या आधीपासून घारा म्हणत आलेय आणि तो म्हणायचा, "मी घारा नाही, ब्राऊन आहे." आता हा धागा त्याला दाखवायचा म्हणजे आली पंचाईत.

खडूफळा

पेशीकेंद्र मॅडम, मान्य. पण नववी-दहावीच्या मुलांना ६१ जागा कशा शिकवायच्या? उदाहरण म्हणून कानाची पाळी घेतो, चिकटलेली आणि मोकळी. ते तरी सरळ आहे ना?

पेशीकेंद्र

दुर्दैवाने तेही नाही :) २०१७ मध्ये कानाच्या पाळीशी संबंधित ४९ जागा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. वर्गातल्या पोरांच्या पाळ्या बघा, अर्धवट चिकटलेलेच जास्त निघतील. सरळ उदाहरण हवंच असेल तर एबीओ रक्तगट घ्या, तो एकाच जनुकाचा खेळ आहे. पण मुलांना घरून आईबाबांचे गट विचारून यायला सांगू नका. तिथेही क्वचित अपवाद असतात आणि पुन्हा कुणाच्या तरी घरात काकू निघतात.

वरणभातलिंबू

गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या केसावरून पोलीस डोळ्यांचा रंग सांगतात म्हणे. मग नेमकं सांगता येतंच की.

पेशीकेंद्र

आयरिसप्लेक्स नावाची पद्धत आहे, नेदरलँड्समधल्या लोकांनी २०११ च्या सुमारास आणली. सहा जागा वाचते, त्यातली सर्वांत वजनदार तीच एचईआरसी२ ची. निळा की तपकिरी हे ती युरोपीय लोकांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगते. मधले रंग आले की गडबडते. म्हणजे नेमके आपले घारे.

डोळस

नेत्रविभागात काम करतो. ओवाळणी, घाबरवायचं नाही, पण आमच्याकडे डोळ्यांच्या फिक्या रंगाचं मूल आलं की आम्ही चार गोष्टी बघतोच. बुबुळं सतत थरथरतात का? उन्हात डोळे उघडताच येत नाहीत का, आणि केस-कातडीही घरच्यांपेक्षा खूपच फिकी आहे का? तसं असेल तर रंगहीनतेचा सौम्य प्रकार असू शकतो, आणि त्याचं एक कारण वर आलेलं ओसीए२ च असतं. दोन डोळ्यांचे रंग वेगळे किंवा लख्ख निळे असतील तर कान तपासून घ्यायचे, कारण एका आजारात हे आणि बहिरेपण एकत्र येतं. आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली, तर रंग कुठलाही असो, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यात थांबायचं नाही.

यातलं काहीच नसेल तर डोळे फक्त घारे आहेत.

ओवाळणी

दोन्ही डोळे सारखे, थरथर नाही, उन्हात दिवसभर अंगणात असते. ऐकू तर इतकं येतं की फ्रीज उघडल्याचा आवाज दोन खोल्यांपलीकडून कळतो.

सोनचाफा

छान माहिती! मला पाचवा महिना चालू आहे. केशर घालून दूध घेतेय, आई म्हणते रंग उजळतो. घाऱ्या डोळ्यांसाठी असं काही असतं का?

पेशीकेंद्र

नाही. बीज फळलं त्या क्षणी अक्षरं ठरलेली असतात. केशर आवडत असेल तर चिमूटभर चवीपुरतं घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवू नका, आणि लोहाची गोळी दुधासोबत घेऊ नका.

मधलीसुट्टी

धागा डोळ्यांचा आहे, पण माझा प्रश्न उंचीचा. चालेल का? मुलगा तेरा पूर्ण, १४१ सेंमी. वर्गात पहिल्या बाकावर. मी १५५, नवरा १६७. माझ्या जाऊबाई म्हणतात, मुलाची उंची आईवर जाते, त्यामुळे आता आशा सोड. बास्केटबॉल लावलाय, दोरीच्या उड्या मारतो, बारला लटकतो. काही होईल का?

खडूफळा

बारला लटकून उंची वाढत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. यावेळी तरी बरोबर आहे ना, मॅडम?

पेशीकेंद्र

शंभर टक्के :) सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतोच, लटकून तेवढंच तात्पुरतं मिळतं.

मधलीसुट्टी, जाऊबाईंचं बरोबर नाही. उंचीत आईबापांचा वाटा जवळपास सारखा. डोळ्यांना निदान एक मोठं बटण आहे, उंचीला तसं नाही. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा अभ्यास झाला आणि उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा निघाल्या. एकेका जागेने मिलिमीटरभर इकडे किंवा तिकडे. आईच्या जोडीतली कुठली अर्धी प्रत येणार आणि बापाच्या जोडीतली कुठली, हे प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. म्हणून सख्ख्या भावांतही तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो.

या सगळ्या जागा वाचूनही युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतल्या फरकाचा साधारण ४० टक्के भाग सांगता येतो. इतरांत बराच कमी, कारण अभ्यासात आपण कमी होतो. त्यामुळे "मुलाची उंची सांगणारी जीन टेस्ट" कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. त्यापेक्षा बालरोगतज्ज्ञ वापरतात तो साधा हिशोब करा. आईबापांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर १३ सेंमी वाढवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. हे १३ म्हणजे बाप्ये आणि बाया यांच्या सरासरी उंचीतला फरक.

तुमचं: १६७ + १५५ + १३ = ३३५, निम्मे १६७.५. म्हणजे अपेक्षा बापाएवढीच. पण हा मध्य आहे. खाली-वर साडेआठ सेंमी धरा, म्हणजे १५९ ते १७६ यात कुठेही.

मधलीसुट्टी

१६७? आत्ता १४१ वर आहे हो! अजून २६ सेंमी कुठून येणार?

डोळस

मिशी फुटलीये का? आवाज?

मधलीसुट्टी

काहीच नाही. आवाज अजून बायकी, फोनवर सगळे "ताई" म्हणतात. तो चिडतो.

पेशीकेंद्र

मग हीच महत्त्वाची खूण. नवरा कधी उंच झाला ते सासूबाईंना विचारा. वयात कधी यायचं हेही घराण्यात चालत येतं. काही मुलं उशिरा सुरू होतात आणि उशिरापर्यंत वाढतात.

आजच्या उंचीपेक्षा वाढीचा वेग बघा. तीन-चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंमी वाढतं, वयात येण्याच्या अगदी आधी थोडं कमी होतं. वर्षाला चारच्या खाली गेलं तर डॉक्टरांकडे जाणं भाग. मोजताना चप्पल काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं, आणि दरवेळी सकाळीच. दोन मोजण्यांत निदान सहा महिने जाऊ द्या. दर रविवारी मोजलंत तर नुसती चूक मोजाल.

मधलीसुट्टी

सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, "दहावीच्या फोटोत हा बाकीच्यांच्या खांद्याला आहे. बारावीला पँटी तीनदा उसवून लांब केल्या." दाराच्या चौकटीवर वाढदिवसाच्या खुणा आहेत, मागच्या वर्षी १३६.५.

पेशीकेंद्र

म्हणजे साडेचार. वयात आला नसेल तर हा वेग चालण्यासारखा आहे. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. ते वाढीच्या तक्त्यावर बिंदू मांडतील, बहुधा डाव्या हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतील. हाडं अकरा वर्षांची निघाली तर वाढायला जागा शिल्लक आहे. थायरॉइड आणि गव्हाची असहिष्णुता यांच्या रक्ततपासण्याही सांगतील. या दोन्हींत मूल बाहेरून ठीक दिसतं आणि उंची मात्र अडते.

आबा_उस्मानाबादी

तुमचा हिशोब वाचला. माझी शंका अशी. मी ६९ चा. ७२ च्या दुष्काळात आम्ही सुकडी आणि लाल मिलो खाऊन वाढलो. माझी उंची १६०. धाकटा भाऊ ८० चा, तो १६९. आईबाप तेच. माझ्या मुलाच्या वेळी सूत्रात माझे १६० धरले तर उत्तर चूकच येणार. माझी जनुकं १६० ची नाहीतच, माझं पोट १६० चं होतं.

पेशीकेंद्र

आबा, सूत्राची खरी अडचण हीच आहे. आईबाप स्वतः पूर्ण वाढले असं ते गृहीत धरतं. बालपणी उपासमार झाली असेल किंवा मोठं आजारपण झालं असेल, तर मुलाचा अंदाज कमी येतो आणि मूल त्याच्या वर जातं.

दुसरीही एक अडचण आहे, तीही जुनी. १८८६ मध्ये गॉल्टन नावाच्या इंग्रजाने ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या उंच्या मांडल्या. खूप उंच आईबापांची मुलं उंचच होती पण आईबापांपेक्षा थोडी कमी, आणि खूप बुटक्यांची थोडी जास्त. टोकाच्या घरांत सरासरीकडे सरकणं धरावं लागतं, आणि हे साधं सूत्र ते धरत नाही.

पण तुमच्या आणि भावाच्या ९ सेंमीतले किती दुष्काळाचे आणि किती नुसत्या जनुकांच्या वाटपाचे, हे सांगता येणार नाही. दुष्काळ नसता तरी एवढा फरक पडू शकला असता.

आबा_उस्मानाबादी

वाटप म्हणा तुम्ही. आईने मला कडेवर घेऊन खडी फोडलीये, मला माहीत आहे ते नऊ सेंमी कुठे गेले.

तिरफळ

मातृमुखी सदा सुखी याबद्दल कुणीच बोललं नाही. मुलगा आईच्या चेहऱ्यावर गेला की भाग्यवान, मुलगी बापावर गेली की भाग्यवान. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून येतं, म्हणजे यात तथ्य असणार.

पेशीकेंद्र

एक्स आईकडून येतं हे बरोबर. पण चेहरा घडवणाऱ्या जागा सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत, एक्सवर त्यातल्या थोड्याच. मुलगा बापावर जायला काहीच आडकाठी नाही, केळफूलकडे बघा. भाग्याचं आमच्या प्रयोगशाळेत तपासत नाहीत.

ओवाळणी

शेवटचा प्रश्न. दुसरं मूल झालं तर तेही घारं होईल का? नवरा म्हणतो, एक झालं म्हणजे आता पुढची तीन काळी.

पेशीकेंद्र

नवऱ्याला सांगा, तसा कोटा नसतो. आपला अंदाज बरोबर असेल तर प्रत्येक वेळी चारात एक, पहिलं काहीही असो. दोन्ही घारी निघतील किंवा पुन्हा एकही निघणार नाही.

ओवाळणी

कळलं. पुढच्या महिन्यात त्याच काकूंच्या घरी मुंज आहे. आजोबांचा रंगीत फोटो मामाकडे आहे म्हणे, तो मागवलाय.

वरणभातलिंबू

मुंजीचा वृत्तांत याच धाग्यावर येऊ द्या.